सीजीपीए, टक्के आणि तो 9.5 चा गुणाकार

प्रश्न: ट्रेनी इंजिनिअरच्या 12 जागांसाठी आमच्याकडे चारशेच्या वर रेझ्युमे आलेत. कुणी टक्के लिहिलेत, कुणी सीजीपीए, कुणी सीजीपीआय. मुंबई, पुणे, कर्नाटक, तमिळनाडू, सगळीकडची मुलं आहेत. मी सगळ्या सीजीपीएंना 9.5 ने गुणून टक्के काढले आणि 60 च्या खालचे बाजूला ठेवले. साहेब म्हणतात, हे चुकीचं आहे. मग एका मापात आणायचे तरी कसे?

उत्तर:

तुमच्या साहेबांचं बरोबर आहे. पण वाईट वाटून घेऊ नका, भरतीच्या कामातली माझी पहिली दोन वर्षं मीही हेच करत होतो. आधी तो 9.5 आला कुठून ते सांगतो, म्हणजे तो कुठे चालतो आणि कुठे नाही ते आपोआप कळेल.

हा आकडा सीबीएसईच्या दहावीचा. 2010 ते 2017 या काळात त्यांच्या दहावीच्या निकालावर टक्क्यांऐवजी सीजीपीए असायचा. 91 ते 100 गुणांना A1, म्हणजे 10 पॉइंट. 81 ते 90 ला A2, म्हणजे 9, अशी उतरंड. A1 मिळवणाऱ्या मुलांचे आधीच्या काही वर्षांतले प्रत्यक्ष गुण पाहिले तर सरासरी 95 च्या आसपास येत होती. 10 पॉइंट म्हणजे 95, तर 1 पॉइंट म्हणजे 9.5. एवढाच हिशोब. एका बोर्डाचा, एका इयत्तेचा, सात-आठ वर्षांपुरता. बी.ई.च्या सीजीपीएशी त्याचा काही संबंध नाही, पण इंटरनेटवर तो असा पसरलाय की मुलं स्वतःच रेझ्युमेत गुणाकार करून टक्के लिहितात.

मुळात सीजीपीए म्हणजे गुण नव्हेत, गुणांच्या पट्ट्यांची सरासरी आहे. प्रत्येक विषयातले गुण कुठल्या पट्टीत पडले ते बघून पॉइंट देतात आणि मग क्रेडिटनुसार त्या पॉइंटची सरासरी काढतात. पट्ट्या कुठे कापायच्या हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. सगळी गडबड इथेच आहे.

एक मुलगा धरा, आठही सेमिस्टरच्या प्रत्येक विषयात बरोबर 77 गुण मिळवणारा. असा मुलगा प्रत्यक्षात नसतो, पण हिशोबाला सोपा. तो मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगला 2016 च्या आराखड्यात असेल तर 75 ते 79.99 ला 9 पॉइंट, म्हणून त्याचा सीजीपीआय 9.0. तोच अण्णा विद्यापीठात 2017 च्या नियमावलीखाली असेल तर 71 ते 80 ला 8 पॉइंट, म्हणून 8.0. आणि कर्नाटकातल्या व्हीटीयूमध्ये 2018 च्या स्कीमला असेल तर 70 ते 79 ला 8, म्हणजे पुन्हा 8.0.

आता तुमचं 9.5 लावा. मुंबईवाला 85.5, बाकी दोघे 76. गुण तेच, पेपरही समजा तेवढेच कठीण, आणि तुमच्या एक्सेलमध्ये साडेनऊ टक्क्यांची दरी. यादी वरून खाली लावली तर मुंबईवाला पहिल्या पानावर आणि बाकीचे दोघे चौथ्या पानावर.

मग साहजिक पुढचा विचार येतो की प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं अधिकृत सूत्र वापरावं. मुंबईचं त्या आराखड्याचं सूत्र असं: सीजीपीआय 7 किंवा वर असेल तर 7.4 ने गुणून 12 मिळवायचे, 7 च्या खाली 7.1 ने गुणून 12. अण्णाचं सरळ 10 ने गुणा. व्हीटीयूचं त्या काळचं 0.75 वजा करून 10 ने गुणा. आपल्या त्याच मुलाचे आता होतात मुंबईत 78.6, अण्णात 80, व्हीटीयूत 72.5. दरी साडेनऊवरून साडेसातवर आली, एवढंच. पुन्हा गंमत अशी की आता अण्णावाला सगळ्यात वर गेला आणि व्हीटीयूवाला सगळ्यात खाली.

म्हणजे अधिकृत सूत्र वाईट आहे का? नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. तुमच्या जाहिरातीत 'किमान 60 टक्के' लिहिलं असेल आणि मुलाने विद्यापीठाचा दाखला दाखवला, तर पात्र की अपात्र हे त्या दाखल्यावरच ठरायला हवं. तिथे तुम्ही-आम्ही शहाणपण करायचं नाही. पण दोन विद्यापीठांच्या मुलांत डावं-उजवं करायला ते सूत्र बनवलेलंच नाही. ही दोन कामं वेगळी ठेवा: एक पात्रतेची चाळणी, दुसरं तुलना.

चाळणीसाठी मी हिशोब उलटा करतो. चारशे मुलांचे आकडे बदलण्याऐवजी माझी एक अट प्रत्येक विद्यापीठाच्या भाषेत लिहून काढतो. 60 टक्के म्हणजे किती सीजीपीए? मुंबईला 60 मधून 12 वजा करून 7.1 ने भागा, 6.76 येतात. व्हीटीयूला 6.75. पुण्याच्या विद्यापीठाचं त्या काळचं सूत्र टप्प्याटप्प्यांचं होतं. 5.75 ते 6.75 मध्ये 5 ने गुणून 26.25 मिळवायचे, त्याच्या वर 8.25 पर्यंत 10 ने गुणून 7.5 वजा करायचे. दोन्ही बाजूंनी 60 टक्के 6.75 वरच येतात. एआयसीटीईच्या तक्त्यातही 6.75 ला 60 टक्केच आहेत. म्हणजे या आराखड्यांतल्या महाराष्ट्र-कर्नाटकातल्या बहुतेक इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी तुमची रेघ 6.75 च्या जवळ पडते. तुम्ही 9.5 ने गुणलंत तेव्हा ती नकळत 6.32 वर गेली होती. पुण्याचा 6.5 वाला मुलगा तुमच्या यादीत 61.75 टक्क्यांनी आत आलाय; त्याच्या विद्यापीठाच्या सूत्राने त्याचे होतात 58.75. उद्या कागदपत्रं तपासताना तो अपात्र ठरेल आणि तोवर त्याची मुलाखत होऊन गेलेली असेल.

अण्णाला मात्र हीच रेघ 6.0 वर येते, कारण ते सरळ 10 ने गुणतात. तिथल्या 2017 च्या नियमावलीत 6 पॉइंटची पट्टी 50 ते 60 ची आहे, म्हणजे सगळ्या विषयांत 55 मिळवणारा मुलगाही कागदोपत्री 60 टक्क्यांचा होतो. पात्रतेला मी त्याला आतच घेतो, कारण दाखला त्याच्या बाजूने आहे. तुलनेत मात्र हे लक्षात ठेवतो.

आता तुलना. इथे मी सूत्र बाजूला ठेवतो आणि गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेला पट्ट्यांचा तक्ता घेतो. प्रत्येक पॉइंटला त्याच्या पट्टीचा मधला गुण लावायचा. मुंबईच्या त्या आराखड्यात 9 म्हणजे 75 ते 80, मध्य 77.5, 8 म्हणजे 70 ते 75, मध्य 72.5, 7 म्हणजे 60 ते 70, मध्य 65. अण्णाला 9 चा मध्य 85.5, 8 चा 75.5, 7 चा 65.5. व्हीटीयूला 85, 75, 65 धरले तरी चालतात. सीजीपीए दोन पॉइंटच्या मध्ये असेल तर सरळ प्रमाणात वाटा.

आपला 77 वाला मुलगा या रीतीने मुंबईत 77.5, अण्णात 75.5, व्हीटीयूत 75 येतो. दरी अडीचवर आली. अडीच टक्के मी तसेही 'सारखेच' धरतो.

खरा रेझ्युमे घेऊन बघा, म्हणजे फरक अंगावर येईल. दोघांनीही लिहिलंय 8.4. मुंबईवाल्याचे 72.5 अधिक 0.4 गुणिले 5, म्हणजे 74.5. अण्णावाल्याचे 75.5 अधिक 0.4 गुणिले 10, म्हणजे 79.5. कागदावर अगदी सारखा आकडा, मागे पाच गुणांचं अंतर. मुलाखतीला बसलेला इंजिनिअर हा 8.4 बघून 'दोघे सारखेच आहेत' म्हणतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

या रीतीला एक मोठी भिंत आहे, तीही सांगून ठेवतो. मुंबईच्या त्या तक्त्यात 80 पासून 100 पर्यंत सगळ्यांना 10 च. प्रत्येक विषयात 82 मिळवणारी मुलगी आणि 96 मिळवणारी मुलगी, दोघींचा सीजीपीआय 10. सूत्राने दोघींचे 86 होतात, माझ्या मधल्या गुणाने 90. दोन्ही आकडे दोघींसाठी खोटे. वरच्या टोकाला सीजीपीएवरून माणसं वेगळी करताच येत नाहीत. मुंबईचा 9.7 आणि अण्णाचा 9.7 यांची तुलना करायची वेळ आली तर सेमिस्टरच्या गुणपत्रिका मागवा आणि त्यांवर विषयवार गुण छापलेले असतील तर ते बघा. नाहीतर वर्गातला क्रमांक विचारा.

क्रमांकाचं माझं मत असं की मिळाला तर तो सगळ्यात चांगला. कॅम्पसला गेलात तर कॉलेजच्या टीपीओकडे पूर्ण बॅचची यादी असते. '62 पैकी 9 वा' हे कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त सांगून जातं, कारण त्या 62 जणांनी तेच पेपर दिले आणि तेच मास्तर होते. काही लोक पुढे जाऊन सरासरी आणि प्रमाण विचलन काढून झेड-स्कोअर लावतात. पूर्ण बॅचची यादी हातात असेल तर जरूर लावा. पण तुमच्याकडे एका कॉलेजचे चारच रेझ्युमे आलेत आणि त्या चौघांची सरासरी काढून झेड-स्कोअर लावलात, तर तो आकडा बॅचबद्दल काहीच सांगत नाही. अर्ज करावासा कुणाला वाटला एवढंच सांगतो. क्रमांकही बॅच चाळीसपेक्षा लहान असेल तर मी फार मनावर घेत नाही.

एक्सेलची मांडणी. तुमच्या शीटमध्ये आत्ता एकच 'टक्के' नावाचा रकाना असणार आणि मूळ आकडा त्याच्यात विरघळलेला असणार. तो पहिल्यांदा वेगळा काढा. मुलाने जसा लिहिला तसा आकडा एका रकान्यात, 'पैकी किती' (100, 10, 4) दुसऱ्यात, विद्यापीठ-शाखा-आराखड्याचं वर्ष मिळून एक खूण तिसऱ्यात, आणि बदललेला आकडा शेवटी. नियम वेगळ्या शीटवर ठेवा: खूण, कितीने गुणायचं, किती मिळवायचे. टप्पे असतील तर प्रत्येक टप्प्याला वेगळी खूण, उदाहरणार्थ `MU-ENG16-7UP`. मूळ आकडा D मध्ये आणि खूण F मध्ये असेल तर:

```
=ROUND(D2*VLOOKUP(F2,Rules!A:C,2,FALSE)+VLOOKUP(F2,Rules!A:C,3,FALSE),1)
```

पट्टीच्या मधल्या गुणांची रीतही याच तक्त्यात बसते. मुंबईला 8 ते 9 मध्ये 5 ने गुणून 32.5 मिळवा, 8.4 चे तेच 74.5 येतात. ज्या विद्यापीठाचा नियम तक्त्यात नाही तिथे `#N/A` दिसेल. तो दिसू द्या. आमच्या एका मदतनीसाने शीट 'स्वच्छ' दिसावी म्हणून त्याच्यावर `IFERROR(...,0)` चढवलं होतं, आणि एका स्वायत्त कॉलेजची सगळी मुलं शून्य टक्क्यांनी यादीच्या तळाला गेली. दोन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. स्वायत्त कॉलेजांचं विशेष जपा. पदवी विद्यापीठाची असली तरी पट्ट्या त्यांच्या स्वतःच्या असू शकतात. खुणेत 'आराखड्याचं वर्ष' का, तर एकाच विद्यापीठात पट्ट्या आणि सूत्रं बदलत राहतात. शाखा का, तर मुंबईतच त्या काळच्या कॉमर्स-सायन्सच्या तक्त्यात 60 ते 70 ला 8 पॉइंट होते आणि इंजिनिअरिंगच्या तक्त्यात 7. बी.एस्सी. आयटीचा 8 आणि बी.ई.चा 8 एकाच विद्यापीठाचे असून एक नव्हेत.

रिकाम्या रकान्यांकडेही बघा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांना बारावी नसते. दहावी, बारावी, पदवी अशी सरासरी काढणाऱ्या सूत्रात तिथे कुणी 0 टाकला तर चांगला मुलगा गेला म्हणून समजा. आणि 'बारावी: 92' असं दिसलं की विचारा, टक्के की पर्सेंटाइल? सीईटीचा पर्सेंटाइल बारावीच्या जागी लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. बहुतेकांचा फसवायचा हेतू नसतो, फॉर्ममधला रकाना नीट वाचलेला नसतो.

दहावी-बारावीचे गुण तुलनेत घ्यायचेच का, हा वेगळा विषय आहे, पण तुमच्या शीटमध्ये ते असणार म्हणून लिहितो. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत 'बेस्ट ऑफ फाइव्ह' असतं आणि वर खेळाचे, कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून 100 टक्के मिळवणारी मुलं दिसतात. तेही बाजूला ठेवा. नुसतं वर्ष बघा. 2018 चा राज्याचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले अंतर्गत गुण काढले आणि निकाल 77.10 वर आला. 2020 ला ते परत आले, निकाल 95.30. 2021 ला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर निकाल लागला तो 99.95. एकाच मंडळाची, एकाच इयत्तेची लागोपाठ चार वर्षं. 2019 चे 78 आणि 2021 चे 88 यांत कोण पुढे, हे मी तरी छातीठोक सांगणार नाही. 2021 चा कुठल्याही बोर्डाचा आकडा मी फक्त 'उत्तीर्ण' म्हणून वाचतो. सीबीएसईच्या बारावीत आणखी एक फसगत आहे. तिथली A1 श्रेणी क्रमांकावर असते: विषयात उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या एक-अष्टमांशाला A1. म्हणून बारावीच्या A1 वरून '91 च्या वर' असा अर्थ काढू नका, तो दहावीच्या जुन्या A1 चा होता.

परदेशातून शिकून आलेले एखाद-दोन असतील तर त्यांना या यादीत बसवायचा हट्ट नको. 4 पैकी 3.4 ला 25 ने गुणून 85 काढू नका. तिकडे 4 हा आकडा नव्वदीच्या आसपासच सुरू होतो. जर्मनीतून आलेल्याचा 1.7 बघून दचकू नका, तिथे 1 सगळ्यात चांगला आणि 4 ला पास. आमच्याकडे एकदा अशा मुलीला 'सीजीपीए 1.7' म्हणून पहिल्याच चाळणीत नकार गेला होता. तिने शांतपणे मेल लिहून समजावलं, तेव्हा लाज वाटली.

बदललेला आकडा हातात आल्यावर तो दशांशापर्यंत उतरवून क्रम लावू नका. मी पाच-पाच गुणांचे गट करतो आणि एका गटातल्या सगळ्यांना सारखं धरून बाकीच्या गोष्टींकडे, म्हणजे प्रोजेक्ट, चाळणी परीक्षा, अडकलेल्या केटी, यांकडे वळतो. गटाच्या सीमेपासून एका गुणाच्या आत असेल त्याला वरच्या गटात टाकतो. तुमच्या 12 जागांसाठी पहिल्या दोन गटांत साठ-सत्तर मुलं आली तरी पुरे.

शेवटी उमेदवाराशी बोलण्याबद्दल. पूर्वी एका ठिकाणी काम करताना आमच्या शीटवर एका मुलाचे 85.5 टक्के होते आणि पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीने विद्यापीठाकडून 78.6 आणले. 'माहितीत तफावत' असा लाल शेरा पडला आणि ऑफर थांबली. मुलाने रेझ्युमेत फक्त 'सीजीपीआय 9.0' लिहिलं होतं. 85.5 आमचे होते, 9.5 ने गुणून काढलेले. त्याचा शेरा पुसायला मला तीन मेल आणि एक फोन लागला. तेव्हापासून आमच्या अर्जात टक्क्यांचा रकानाच नाही. 'गुणपत्रिकेवर जसा छापलाय तसा आकडा आणि तो कितीपैकी' एवढंच विचारतो, आणि गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागतो. तुम्ही ज्यांना 9.5 च्या हिशोबाने नकार कळवलाय, त्यांत 6 ते 6.31 मधली अण्णाची मुलं आहेत का तेवढं आजच बघा. ती त्यांच्या दाखल्यानुसार पात्र आहेत. 6.32 ते 6.75 मधली पुण्या-मुंबईची आणि व्हीटीयूची मुलं मुलाखतीला बोलावली असतील, तर तारखेच्या आधी त्यांच्याकडून दाखला मागवून घ्या.